पन्नासचा गेज निवेपर्यंत

हिंगोलीच्या एमआयडीसीत मे महिन्यात वीस डिग्री राहणारी खोली आमच्याकडे आहे आणि मी त्या खोलीत नोकरीला आहे. त्यामुळे उन्हाळ्यात मला मित्र फार असतात. जूनमध्ये ते कमी होतात, दिवाळीनंतर तर ओळखतही नाहीत.

खोलीत मी स्वेटर घालून बसतो. चहा प्यायला बाहेर आलो की टपरीवाला दरवेळी विचारतो, "ताप हाय का?" पहिल्या वर्षी मी त्याला समजावून सांगितलं होतं. आता "हाय" म्हणतो. तो चहात आलं जास्त घालतो.

आमचं काम गेज तपासायचं. वर्कशॉपवाले ज्या मापाने आपला माल तपासतात, ते माप स्वतः बरोबर आहे की नाही हे आम्ही बघतो. म्हणजे शिक्षकाची परीक्षा घेण्यासारखं. शिक्षकांना ती आवडत नाही, वर्कशॉपवाल्यांनाही नाही. आमचे मालक विश्वंभर काका मात्र सगळ्यांना आवडतात, कारण ते कोणालाच नाही म्हणत नाहीत. नाही म्हणायला त्यांनी मला ठेवलंय.

त्या दिवशी सकाळी दारात एक जीप थांबली. आधी गुलाबसिंग राठोड उतरले, मग त्यांची बायको रूपाबाई, मग जीप चालवणारा रूपाबाईचा भाऊ मोहनसिंग, आणि मग माणसं उतरतच राहिली. सगळी नव्या कपड्यांत. सेनगावकडे लग्नाला निघाली होती. वाटेत दोन मिनिटांचं काम म्हणून आमच्याकडे.

गुलाबसिंग भाऊंचं आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर लेथचं वर्कशॉप आहे. औरंगाबादच्या एका कंपनीला ते ट्रॉलीच्या जोडाचे स्टीलचे बुश करून देतात. बुश म्हणजे जाड नळीचा तुकडा, मधे पन्नास मिलिमीटरचं भोक, त्या भोकात कंपनीची पिन बसते. मागची पूर्ण खेप कंपनीने परत पाठवली होती. काही पिना आत जाईनात. गुलाबसिंग भाऊंचं म्हणणं, आमचं भोक बराबर हाय, तुमच्या पिनाच जाड. कंपनीचं म्हणणं, गेज तपासून आणा. गेज बरोबर निघाला तर आम्ही पिना बघू. चुकीचा निघाला आणि तुम्ही तरी हट्टच धरला, तर तुमचं नाव काढून दुसऱ्याला काम देऊ.

भाऊंच्या वर्कशॉपला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तेवढंच काम, त्यावरच घर.

"देविदास," ते मला म्हणाले, "आज ह्या गेजनं माझं नाक राखायचं बग."

"कुठंय गेज?"

त्यांनी रूपाबाईंकडे बघितलं. रूपाबाईंनी मोठ्या पिशवीतून गरम पोळ्या ठेवायचा डबा काढला, तोच, बाहेरून प्लॅस्टिक आणि आतून स्टील, झाकण फिरवून लावायचा. झाकण काढलं. वाफ आली. वर पोळ्या होत्या. पोळ्यांखाली कापडात गुंडाळलेला पन्नासचा प्लग गेज होता.

या नोकरीत मी पुष्कळ काही बघितलंय. एकाने रिंग गेज चावीच्या जुडग्यात अडकवून आणली होती.

"त्याची लाकडी पेटी फुटली ना," रूपाबाई म्हणाल्या. "जीपमदी हा असा खुळखुळ करून राहिला. म्हनलं हादरा बसंल. ह्याच्यात मऊ राहील."

"ताई, हादरा नाही बसला. पण भाजला."

"डबा चांगला हाय. संध्याकाळपर्यंत गरम ठेवतो."

"त्याचंच वाईट वाटतंय."

मी हातमोजे घालून गेज उचलला. मोज्यातूनही चटका लागला. प्लग गेज म्हणजे दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना घासून गुळगुळीत केलेले स्टीलचे गोल ठोकळे. एक टोक भोकात जायलाच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. जाणारं टोक रोज भोकात जाऊन येऊन झिजतं. झिजून बारीक झालं की ते लहान भोकातही शिरतं आणि सगळं ठीक आहे असं सांगतं. न जाणारं टोक फारसं झिजत नाही, कारण ते कुठे जातच नाही. आमच्या ऑफिसातही अशी माणसं आहेत.

पोळीचं तूप लागलेलं होतं. ते व्हाइट पेट्रोलने पुसलं आणि म्हणालो, "आता हा इथं प्लेटवर ठेवतो. खोलीइतका गार झाला की मोजतो. तोवर लग्न लावून या."

"येताना रात व्हईल," मोहनसिंग म्हणाला. "दाजी, घ्या मोजून आन् चला. मुहूर्त हाय."

"मुहूर्ताचं मला सांगू नका. लोखंडाला सांगा."

तोवर आख्खं वऱ्हाड खोलीत येऊन उभं राहिलं होतं. बाहेर सकाळीच चाळीस डिग्री ऊन होतं. आत आल्यावर प्रत्येक जण आधी "आहाहा" म्हणायचा आणि मग भिंतीला टेकायचा. एक म्हातारी थेट ग्रॅनाइटच्या टेबलावर बसायला निघाली होती. ज्या टेबलाच्या सपाटीत केसाच्या दहाव्या हिश्शाचाही फरक चालत नाही, त्यावर. मी तिला खुर्ची दिली. माझी. तिथून पुढे मी उभाच होतो.

माणूस हा एक हीटर आहे. बल्बाएवढी उष्णता सोडतो, लग्नाला निघालेला असला तर जास्त. भिंतीवरचं थर्मामीटर वीसवरून एकवीसकडे सरकलं. मी त्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी आदराने त्याकडे बघितलं आणि कोणीही हललं नाही.

एवढ्यात विश्वंभर काका आले. मागून चहावाला, हातात दहा-बारा कप. गरम.

"बसा, बसा! देवा, काहून खोळंबून ठेवलं रे पाहुण्यांला?"

"काका, गेज पोळ्यांच्या डब्यातून आलाय."

"बरं मग?"

"गरम आहे. फुगलेला आहे."

"मला ठाऊक न्हाई का? मीच शिकवलं तुला. नुसता एक अंदाज तर घे. लिहू नको. त्यांच्या जिवाला थोडं बरं वाटंल."

काकांची ही एक तऱ्हा आहे. नियम सगळे पाठ, पण पाहुण्यासमोर त्यांना नियमाची लाज वाटते. मी चहावाल्याला कपांसकट खोलीबाहेर न्यायला लागलो. परत येईपर्यंत काकांनी मोजे चढवले होते आणि गेजचं जाणारं टोक मोजायच्या मशीनच्या दोन जबड्यांत धरलं होतं.

हे मशीन स्वतः पन्नास मोजत नाही. आधी त्यात पन्नास मिलिमीटरची पक्क्या मापाची पट्टी ठेवून शून्य लावायचं, मग गेज ठेवायचा. पट्टीपेक्षा तो किती मायक्रॉन कमी-जास्त तेवढं आकड्यात दिसतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पट्टी सकाळपासून त्या खोलीत वीस डिग्रीला आरामात पडून होती. गेज नुकताच वाफेतून निघाला होता.

"अधिक चार!" काका म्हणाले. "गुलाबसिंग, नव्या गेजचं माप असतं हे! झिजलाच न्हाई तुझा गेज!"

"काका," मी म्हणालो, "इतकी वर्षं रोज घासला जाणारा गेज नव्यासारखा कसा राहील? ह्याने काय व्यायाम केला?"

पण गुलाबसिंग भाऊंनी फोन लावला होता. स्पीकरवर. पलीकडे कंपनीच्या तपासणी विभागातल्या नीलम मॅडम.

"मॅडम! आमी हिंगोलीच्या लॅबमदून बोलून राहिलो! गेज तपासला! एकदम बराबर! अधिक चार! आता तुमच्या पिना बगा म्हनलं!"

"सर्टिफिकेट मिळालं?" मॅडम म्हणाल्या.

"मिळून राहिलंय!"

"मग मी पिनवाल्याला आजच लेखी कळवते, की चूक त्यांची आहे. नक्की ना?"

"नक्की म्हंजे? आमी काय खेळ करून राहिलो का? तुमी आमाला महिनाभर तकलीफ दिली मॅडम. गावात लोक हसून राहिले, की गुलाबसिंगला भोक पाडता येत न्हाई. आता तुमच्या पिनवाल्याला हसा म्हना!"

वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. मोहनसिंग म्हणाला, "दाजी, हानला तुमी!"

मॅडमना अजून काय काय ऐकवायचं होतं ते गुलाबसिंग भाऊ ऐकवत राहिले. महिनाभराचं साचलेलं होतं, लवकर संपण्यासारखं नव्हतं. मी मशीनकडे बघत होतो. अधिक चारचे अधिक तीन झाले. भाऊ मालवाहू टेम्पोच्या विषयावर होते. अधिक दोन. भाऊ कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनवर आले. अधिक एक झालं तेव्हा त्यांचा श्वास संपला आणि मॅडमनी "ठीक आहे, मेल करते" म्हणून फोन ठेवला.

"भाऊ," मी म्हणालो, "जरा इकडं या."

त्यांनी आकड्याकडे बघितलं.

"मगाशी तर चार होता."

"होता."

"कोणी हात लावला का?"

"कोणीच नाही. तो निवून राहिलाय. लोखंड गार झालं की आकसतं."

"मग थांबव ना! तिथंच लिहून घे! एक बी चालतंय की!"

"थांबवता येत नाही भाऊ. ते आईस्क्रीम असतं तर फ्रीजमध्ये ठेवलं असतं."

त्यांनी काकांकडे बघितलं. काका थर्मामीटर बघत होते. ते बावीसला गेलं होतं आणि बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत होते.

"एवढ्या माणसांत तर ते धड निवणारही नाही," मी म्हणालो. "खोलीच तापली तर पट्टी पण तापेल, मशीन पण. सगळं उतरेपर्यंत थांबावं लागेल. बाहेर बसा सगळे. हात जोडतो."

म्हातारी उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. म्हणाली, "लेकराला थंडीत बसवलंय रे ह्यांनी." कोणीतरी माझ्या बाजूचं बोललं म्हणून मला बरं वाटलं, जरी विषय वेगळा होता.

मी गेज मशीनमधून काढून जाड लोखंडी प्लेटवर ठेवला. हवेपेक्षा प्लेट उष्णता लवकर ओढून घेते. शेजारी पट्टी ठेवली, म्हणजे दोघं एकाच तापमानाला येतील. दार लावलं आणि बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो, कारण मीही हीटरच आहे.

व्हरांड्यात वऱ्हाड पसरलं होतं. पोळ्या निघाल्या, ठेचा निघाला. लग्नाच्या आधीच जेवण सुरू झालं. दवाखान्यात आत बाळंतपण चालू असावं आणि बाहेर नातेवाईक बसलेले असावेत तसं सगळं दिसत होतं. दर थोड्या वेळाने कोणीतरी विचारायचं, "कसं काय आत?" आणि मी म्हणायचो, "निवून राहिलंय."

गुलाबसिंग भाऊ जेवले नाहीत. खांबाला टेकून बसले. पांढरा शर्ट नवा होता, कॉलरमधला पुठ्ठा काढायचा राहून गेलेला.

"देविदास, एक सांग. वीस डिग्री हिंगोलीत कुटं असतंय? माझ्या वर्कशॉपमदी चव्वेचाळीस. बुश बी तिथंच, गेज बी तिथंच. मग माझा गेज चव्वेचाळीसला मोजला तर काय पाप झालं?"

प्रश्न चांगला होता. मला त्याची अपेक्षा नव्हती, कारण मला इतक्या उन्हात कशाचीच अपेक्षा नसते.

"वर्कशॉपमध्ये चालतं भाऊ. बुश स्टीलचा, गेज स्टीलचा. दोघं सारखेच तापले तर सारखेच फुगतात. एकमेकांशी जमतं. पण इथं तुमचा गेज एकटाच तापलेला आणि समोरची पट्टी गार. एक जण पोटभर जेवून आलेला आणि दुसरा उपाशी, आन् दोघांची कंबर मोजायची."

"मग पट्टी बी डब्यात ठेवायची व्हती."

"दोघांचं तापमान सारखं आहे हे कोण सांगणार? पोळीजवळचा भाग जास्त गरम, तळाचा कमी. म्हणून सगळ्या जगाने एक ठरवलं, की माप म्हणजे वीस डिग्रीचं. औरंगाबादला वीस, जर्मनीला वीस, इथं पण वीस."

"आमाला इचारलं न्हाई कोणी."

"मला पण नाही."

मोहनसिंग मधेच म्हणाला, "दाजी, त्या पोरीला फोनवर लय बोलले तुमी."

"गप बस."

"न्हाई, वॉचमनचं काय गरज व्हती?"

"गप बस म्हनलं ना!"

रूपाबाईंनी भावाकडे बघितलं. तो उठून जीपच्या सावलीत गेला, तिथे सावली नव्हती, तरी गेला. मग त्या हळूच म्हणाल्या, "अवो, मी डब्यात ठेवला म्हणून झालं का हे सगळं?"

भाऊंनी कॉलर चाचपली आणि आतला पुठ्ठा ओढून काढला. "न्हाई," मग म्हणाले. "तू ठेवला म्हणून त्यो चांगला दिसला तेवढा येळ."

वऱ्हाडातल्या कोणीतरी फोन करून सांगितलं, की अक्षतांना पोहोचत नाही, जेवणाला येतो. त्यांचं जेवण झालं होतं.

उन्हं पत्र्यावरून भिंतीवर आली तेव्हा मी आत गेलो. खोली वीसला आली होती. प्लेट, पट्टी, गेज, तिन्ही शांत. मोजे घातले, लाकडी चिमट्याने गेज उचलला, पट्टीवर शून्य लावलं, गेज धरला. आकडा आला आणि हलला नाही. फिरवून दुसऱ्या बाजूने, मग टोकाजवळ, मग मधे. टोकाजवळ झीज जास्त होती. पुन्हा शून्य बघितलं. ते जागेवर होतं. पुन्हा गेज.

उणे सात. वापरून झिजलेल्या या मापाच्या गेजला उणे तीनपर्यंत चालतं.

काका मागे येऊन उभे होते. त्यांनी आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला. आकडा चष्म्याचा नव्हता.

"सांग बाबा तूच," ते म्हणाले. "मला न्हाई जमायचं."

मी दार उघडलं. सगळे उभे राहिले. बाळंतपणाचं वातावरण अजून गेलं नव्हतं.

"भाऊ, गेज झिजलाय. उणे सात आहे. लहान भोकातही जाऊन येत होता. त्याच भोकांत कंपनीच्या, मापात असूनही जरा जाड निघालेल्या पिना अडल्या. पिना बरोबर होत्या."

गुलाबसिंग भाऊ आत आले. आकड्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं ते म्हणतील, परत मोज. मी दहा वेळा मोजायला तयार होतो. दमलेल्या माणसाला एकच काम पुन्हा करणं सोपं जातं.

ते म्हणाले, "ह्यो आता हलणार न्हाई ना?"

"नाही."

"सकाळचा चार लिहून देणारा कोणी भेटंल का हिंगोलीत?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. भाऊंनी काकांकडे. मी म्हणालो, "भेटेल कदाचित. पण बुशात पिन जाणार नाही."

त्यांनी मान हलवली. मग खिशातून फोन काढला. या वेळी स्पीकर लावला नाही. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पण खोली लहान आहे.

"मॅडम, गुलाबसिंग बोलतोय. त्यो मेल गेला का?... न्हाई ना? बरं झालं. नका पाठवू... न्हाई, गेजच बाद हाय. झिजलाय... सकाळी गरम व्हता म्हणून चांगला दिसला... डब्यात. पोळ्यांच्या... व्हय, पोळ्यांच्या डब्यात... तुमी हसून राहिल्या का?... हसा. मी काय म्हणून राहिलो, मगाशी मी लय बोललो. वॉचमनचं बी."

मग ते बराच वेळ नुसतं ऐकत होते. "व्हय" म्हणत होते. शेवटी "व्हय मॅडम" म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"बाद झाल्याचं सर्टिफिकेट पाठवा म्हणून राहिल्या. आन् नवा गेज घेऊन सगळे बुश परत तपासून, लहान निघतील त्येंचं भोक वाढवून द्या. तसं केलं तर नाव न्हाई काढत." ते थांबले. "परत चूक झाली तर काढतात."

बाद झाल्याचं सर्टिफिकेट आमच्याकडे आजवर कोणी मागितलं नव्हतं. बाद झालेला गेज लोक खिशात घालून गुपचूप निघून जातात. काकांनी त्या कागदावर लगेच सही केली, हे मला सांगायलाच हवं. कपाटातला नवा पन्नासचा गेज, जो मी मागच्या आठवड्यात तपासून ठेवला होता, तोही त्यांनी दिला. लाकडी पेटीसकट.

वऱ्हाड जीपमध्ये बसलं. गुलाबसिंग भाऊंना वर्कशॉपला सोडून मग सेनगावला जायचं ठरलं. म्हणजे रस्ता आधी उलटा. मोहनसिंगने निमूट चावी फिरवली, यावरून परिस्थिती ओळखावी.

मी खोलीत एकटाच राहिलो. थर्मामीटर वीस. खुर्ची रिकामी झाली होती, तीत बसलो तर म्हातारीच्या अंगाची ऊब अजून होती असं वाटलं. शक्य नाही, पण माझं काम शक्य-अशक्यतेचं नाही, मोजण्याचं आहे, आणि मी मोजली नाही.

संध्याकाळी स्वेटर काढून खुंटीला अडकवत होतो तेव्हा फोन आला. मागे लेथचा आवाज होता.

"देविदास, पहिला बुश केला बग. भोक वाढवलं. नवा गेज जाऊन राहिला. लोण्यावानी जातोय."

"बुश कुठंय?"

"लेथच्या चकातच पकडलेला हाय अजून. आत्ताच कापलं."

"हात लावा त्याला."

लेथच्या आवाजात एक छोटी शिवी ऐकू आली.

"लय गरम हाय रे."

"गरम बुशाचं भोक मोठं असतं भाऊ. निवल्यावर लहान होणार. गेज आता जातोय, नंतर जाणार नाही. आधी पण असंच तपासत होता का?"

"इतकी वर्षं," ते म्हणाले. "कापलं की लगेच. येळ कोणाकडं व्हता?"

"आता असं करा. जेवढे करायचे तेवढे आधी भोक जरा लहान ठेवून, थोडं माप हातचं राखून करा. सगळे फरशीवर सावलीत मांडा. नवा गेज त्यांच्याच शेजारी ठेवा. धरून बसू नका, हाताची ऊब लागते. दोघं सारखे गार झाले की मग गेज घालून बघा. शेवटचा हात मग मारा."

"सारखे झाले हे कसं कळंल?"

"पुष्कळ वेळ थांबल्यावर कळतं."

"म्हंजे आज न्हाईच व्हत."

"आज नाही."

मागून रूपाबाईंचा आवाज आला. त्या लग्नाला गेल्याच नव्हत्या. "काय म्हणून राहिला देविदास?" त्या विचारत होत्या.

"थांबा म्हणून राहिला."

"मग थांबा की. मी बसते."

लेथचा आवाज खाली खाली येत बंद झाला. फोन कोणी ठेवला नाही. पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग दुसरं स्टूल ओढल्याचा.